रान का खचत नाही

सातवीच्या प्रकाशसंश्लेषणाच्या पाठाचं टाचण माझ्या वहीत माझ्या अक्षरात आहे, पण तो पाठ माझा एकटीचा नाही. तो मला आमच्या शाळेतल्या ज्येष्ठ विज्ञान शिक्षिकेने दिला. सगळी शाळा त्यांना नुसतं 'बाई' म्हणायची. त्यात प्रयोगशाळेतल्या मामांचा मोठा हात आहे, आणि शेवटची तासिका तर एका विद्यार्थिनीमुळेच वाढली. शिक्षकाच्या आयुष्यात असे कितीतरी पाठ येऊन जातात. या एका पाठाने मात्र मला पाठ बांधायचा कसा ते शिकवलं, म्हणून या तिघांचं देणं एकदा नीट लिहून ठेवावं असं फार दिवस मनात होतं.

मी कराड तालुक्यातल्या त्या शाळेत लागले, तेव्हा 'ज्ञानरचनावाद' हा शब्द प्रत्येक प्रशिक्षणात ऐकू यायचा. 2005च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर तो खालपर्यंत झिरपला होता आणि त्याच्यासोबत 'फाइव्ह-ई' पाठाचा नमुना आला होता. एंगेज, एक्सप्लोर, एक्सप्लेन, इलॅबोरेट, इव्हॅल्युएट. मराठीत कुणी त्याला गुंतवणे, शोधणे, स्पष्ट करणे, विस्तारणे, मूल्यमापन असं म्हणतं. आम्ही शिक्षक खोलीत 'पहिला ई, दुसरा ई' असंच म्हणायचो. एका प्रशिक्षणात मिळालेल्या छापील तक्त्यात एका पानावर पाच चौकटी होत्या आणि वर लिहिलं होतं, 'वेळ : 35 मिनिटे'. म्हणजे एका ईला सात मिनिटं. तो तक्ता घेऊन मी बाईंकडे गेले.

बाईंनी तो बघितला आणि विचारलं, ''यात पोरांनी विचार कधी करायचा गं?''

मग त्यांनी मला या नमुन्याची कुळकथा सांगितली. त्यांचं बी.एड. झालं ते हर्बर्टच्या पंचपदीवर. पूर्वतयारी, निवेदन, तुलना, सामान्यीकरण, उपयोजन. हर्बर्टच्या अनुयायांनी पक्क्या केलेल्या या पाच पायऱ्या महाराष्ट्रातल्या शिक्षकांच्या कैक पिढ्यांनी सराव पाठात गिरवल्या. त्यात शिक्षक दुसऱ्याच पायरीवर विषय सांगून मोकळा होतो. पुढे 1960च्या दशकात अमेरिकेत रॉबर्ट कार्प्लस नावाचा सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ प्राथमिक शाळेतल्या मुलांना विज्ञान शिकवायला लागला. त्याने आणि मायरन अ‍ॅटकिन यांनी क्रम फिरवला: आधी मुलांनी वस्तू हाताळायच्या, मग शिक्षकाने संकल्पना मांडायची, मग ती दुसरीकडे वापरून बघायची. कोलोरॅडोतल्या बी.एस.सी.एस. या जीवशास्त्र अभ्यासक्रम संस्थेत रॉजर बायबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1987च्या सुमारास याच तीन पायऱ्यांना पुढे-मागे एकेक पायरी जोडून फाइव्ह-ई तयार केला. आणि त्यांनी तो एका तासिकेसाठी केलाच नव्हता. दोन-तीन आठवड्यांच्या घटकाला तो सगळ्यात चांगला लागू पडतो, एकेका ईला निदान एक तासिका हवी, असंच त्यांचं म्हणणं होतं.

''पंचपदीत आणि यात पायऱ्या पाचच आहेत,'' बाई म्हणाल्या, ''पण सांगणं दुसऱ्या पायरीवरून तिसऱ्या पायरीवर गेलंय. सगळी गोम एवढ्यात आहे. त्याआधीची शोधाची पायरी जर तू सात मिनिटांत उरकलीस, तर पुन्हा पंचपदीच झाली म्हणून समज.''

तक्ता बाजूला ठेवून बाईंनी माझी वही ओढली आणि लिहायला सुरुवात केली ती पाचव्या ईपासून. आधी मूल्यमापनाचा प्रश्न. हे मला नवीन होतं. त्या म्हणाल्या, पाठ संपल्यावर पोराच्या डोक्यातली कुठली समजूत बदललेली दिसली पाहिजे ते आधी ठरव; मग ती बदलेल असं काय त्याच्या हातात द्यायचं ते सुचतं. प्रकाशसंश्लेषणात ही समजूत कोणती? मी म्हटलं, प्रकाश लागतो, हरितद्रव्य लागतं, कार्बन डायऑक्साइड आत जातो, ऑक्सिजन बाहेर येतो. बाई म्हणाल्या, हे सगळं पोरं पाठ म्हणतात. आणि तेच पोर पुढच्या वाक्यात म्हणतं की झाड मातीतून अन्न घेतं. दोन्ही गोष्टी त्याच्या डोक्यात शेजारी शेजारी सुखाने नांदतात, कारण आपण त्यांची कधी गाठ घालून दिलेली नसते.

आमचा भाग कृष्णाकाठचा, उसाचा. वर्गातल्या निम्म्या पोरांच्या घरी ऊस. बाईंनी वहीत पहिला ई म्हणून एकच प्रश्न लिहिला: 'एकरी चाळीस टन ऊस दरवर्षी ट्रॉलीत भरून कारखान्याला जातो, तर रान खचत का नाही?'

त्याखाली त्यांनी माझ्यासाठी हिशेब मांडला. एकर म्हणजे साधारण 4000 चौरस मीटर. माती घनमीटरला सव्वा ते दीड टन भरते असं धरलं, तर चाळीस टन माती म्हणजे तीसएक घनमीटर. एकरभर पसरली तर पाऊण सेंटीमीटरचा थर. एका वर्षाला हे काही वाटत नाही. पण आजोबांनी ऊस लावायला सुरुवात करून तीस वर्षं झाली असतील, तर रान बांधापासून वीतभर खाली जायला हवं. तसं तर कुठेच दिसत नाही.

हा हिशेब मुलांना फळ्यावर करून दाखवायचा नाही, त्यांच्याकडून करून घ्यायचा, असं बाईंनी बजावलं. मग प्रत्येकाने चिठ्ठीवर आपलं उत्तर लिहायचं: उसाचं वजन आलं कुठून? चिठ्ठ्या गोळा करून पाकिटात घालायच्या आणि बरोबर-चूक काहीही म्हणायचं नाही. ही गोष्ट शिक्षकाला फार जड जाते. एखाद्या हुशार मुलीने 'हवेतून' असं लिहिलं की जीभ शिवशिवते. पण तिला शाबासकी दिली की बाकीच्या चाळीस पोरांचा विचार तिथेच थांबतो.

चिठ्ठ्यांमधली उत्तरं वर्षानुवर्षं सारखीच निघतात. बरीच मुलं 'खत' लिहितात, बरीच 'पाणी', काही 'माती' आणि काही 'ऊन'. खतवाल्यांना बाईंनी सुचवलेला उलटप्रश्न मी अजून विचारते: तुमच्या घरी एकरी किती पोती पडतात? वीस पोती घातली तरी वजन टनाच्या आतबाहेर भरतं. मग उरलेले एकोणचाळीस टन? पाणीवाल्यांशी मात्र जपून बोलावं लागतं, कारण त्यांचं म्हणणं बरंचसं खरं आहे. उसात सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. त्यांना मी गुऱ्हाळावर नेते, म्हणजे बोलण्यातून नेते. काहिलीत रस आटला, वाफ गेली, गूळ उरला. बाजूला चिपाडं वाळत पडलीत. हे सगळं कोरडं. चाळीस टनांतले हे दहा-बारा टन कुठून आले? इथे वर्ग गप्प होतो, आणि तिथेच पहिली तासिका संपवायची.

आता दुसरा ई, शोधाचा. इथे बाईंशी माझी खरी चर्चा झाली. पुस्तकातला नेहमीचा प्रयोग म्हणजे कुंडी अंधारात ठेवायची, पानाच्या काही भागावर काळा कागद लावायचा, मग पान स्पिरिटमध्ये उकळून आयोडीन टाकायचं. उजेडातला भाग निळा-काळा होतो. चांगला प्रयोग आहे. पण बाईंनी विचारलं, ''यातून पोरांना काय कळतं? उजेड लागतो. ते त्यांना आधीच ठाऊक आहे. तुझा पहिल्या दिवशीचा प्रश्न उजेडाचा आहे का? तुझा प्रश्न वजनाचा आहे. मग प्रयोगात बदलायची ती वस्तू वजन देणारी पाहिजे.'' म्हणजे बदलायचा तो कार्बन डायऑक्साइड. प्रकाश सगळ्यांना सारखा, पान सारखं, पाणी सारखं. फरक फक्त कार्बन डायऑक्साइडचा.

मी फाइव्ह-ईवरचं जे काही वाचलं होतं त्यात 'शोध म्हणजे कृती' इतकंच होतं. पहिल्या ईतला प्रश्न आणि दुसऱ्या ईतला बदलता घटक एकाच धाग्यावर असले पाहिजेत, नाहीतर मुलं एका दिवशी कोड्यात पडतात आणि दुसऱ्या दिवशी भलत्याच गमतीत रमतात, हे मला बाईंनी दाखवलं. आजही नव्या शिक्षकांचं टाचण हातात आलं की मी आधी हेच बघते.

प्रयोग ठरला तो पानाच्या चकत्या तरंगण्याचा. तो कागदावर सोपा दिसतो. वर्गात उभा केला तो मामांनी. त्यांनी मेडिकलमधून 10 मिलिलिटरच्या, सुई नसलेल्या सिरिंज आणल्या. ऑफिसातलं कागदाला भोकं पाडायचं पंचिंग मशीन धुऊन पुसून आणलं. पालक बाजारातून सकाळी ताजा. पान पंचमध्ये धरून जाड शिर टाळून चकत्या पाडायच्या, प्रत्येक गटाला तीस. द्रावण दोन: एकात 300 मिलिलिटर पाण्याला चमच्याचा आठवा भाग, म्हणजे साधारण अर्धा-पाऊण ग्रॅम खाण्याचा सोडा आणि भांड्याच्या लिक्विड साबणाचा एक थेंब, दुसऱ्यात नुसतं पाणी आणि तोच एक थेंब. सोड्यातून पानाला कार्बन डायऑक्साइड मिळतो. साबण असतो तो पानावरचा मेणचट थर ओला व्हावा म्हणून.

सिरिंजमध्ये दहा चकत्या टाकायच्या, दट्ट्या घालून त्या चेंगरणार नाहीत इतपत आत ढकलायचा, चार-पाच मिलिलिटर द्रावण ओढायचं, वरची हवा काढून टाकायची. मग तोंडावर बोट घट्ट धरून दट्ट्या मागे खेचायचा. आत पोकळी तयार होते आणि पानाच्या पेशींमधल्या फटीतली हवा बारीक बुडबुड्यांनी बाहेर येते. दहापर्यंत मोजायचं, सिरिंज हलकेच टिचकीने हलवायची आणि बोट सोडायचं. हवेच्या जागी द्रावण आत शिरतं आणि चकत्या जड होऊन तळाशी जातात. दोन-तीनदा करावं लागतं. सातवीच्या मुलांचं बोट घसरतं. मामा प्रत्येक गटापाशी बसून त्यांचा अंगठा कसा धरायचा ते दाखवायचे. साबण दोन थेंब पडला तर फेस होतो आणि चकत्या फेसाला चिकटून वर राहतात, म्हणून मामा साबण आधी वाटीभर पाण्यात कालवून त्यातला थेंब द्यायचे. ही युक्ती त्यांची. मी ती कुठे वाचली नव्हती. आदल्या दिवशीचा, अंधारात पडलेला पालक असेल तर पर्णरंध्रं मिटलेली असतात आणि काहीच घडत नाही, म्हणून ते पालकाची जुडी सकाळपासून व्हरांड्यात उजेडात पाण्यात उभी करून ठेवायचे.

प्रत्येक गटापुढे तीन पारदर्शक ग्लास. एकात सोड्याचं पाणी आणि बुडालेल्या दहा चकत्या, उजेडात. दुसऱ्यात नुसतं साबणपाणी आणि दहा चकत्या, त्याच उजेडात. तिसऱ्यात सोड्याचं पाणी, पण ग्लासला काळा कागद गुंडाळलेला. दर मिनिटाला किती चकत्या वर आल्या ते मोजून तक्त्यात लिहायचं. चांगल्या उजेडात सोड्याच्या ग्लासमधल्या चकत्या काही मिनिटांनी काठावर उभ्या राहतात, डुलतात, आणि एकेक करून वर सुटतात. दहातल्या पाच वर यायला किती मिनिटं लागली हा आकडा धरायचा; शेवटच्या एका हट्टी चकतीसाठी थांबायचं नाही. जोड तासिका असेल तरच हे निवांत होतं, म्हणून त्या दिवशीची पुढची तासिका मी भूगोलाच्या सरांकडून मागून घेते.

हा पाठ जुलै-ऑगस्टमध्ये येतो, आणि कराडचा पाऊस! ढगाळ दिवशी आकडा दुप्पट-तिप्पट होतो. म्हणून मामांनी लाकडी खोक्यात वरून एल.ई.डी. बल्ब लावून ठेवला. जुना पिवळा बल्ब ते लावू देत नसत. त्याचं कारण बाईंनी सांगितलं आणि ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. पिवळ्या बल्बने किंवा कडक उन्हाने पाणी तापलं की पाण्यात विरघळलेली हवा बाहेर पडते, तिचे बुडबुडे चकत्यांना चिकटतात आणि त्या तरंगतात. प्रकाशसंश्लेषणाचा काही संबंध नसताना. हे ओळखायचं कसं? दुसऱ्या ग्लासाकडे बघून. नुसत्या साबणपाण्यातल्या चकत्याही भराभर वर येत असतील, तर समजावं की उष्णता खेळ करते आहे. मुलं दुसऱ्या ग्लासला 'काहीच न होणारा ग्लास' म्हणतात आणि तो त्यांना कंटाळवाणा वाटतो. तोच ग्लास बाकीच्या दोघांवर विश्वास ठेवायचा की नाही ते सांगतो, हे त्यांना एकदा पाणी तापवून दाखवलं की पटतं.

या सगळ्या तासिकेत 'प्रकाशसंश्लेषण' हा शब्द मी उच्चारत नाही. बाईंची ती अटच होती. मुलांनी आपल्या शब्दांत बोलायचं: सोडा असला तर पान वर येतं, सोडा नसला तर येत नाही, अंधारात येत नाही. ''पान सोड्यातून काहीतरी घेतंय आणि काहीतरी सोडतंय,'' असं एखादं पोर म्हणतंच. हे वाक्य फळ्याच्या कोपऱ्यात तसंच्या तसं लिहून ठेवायचं.

तिसरा ई त्या वाक्यापासून सुरू होतो. आता शब्द द्यायचे, कारण आता त्यांना टेकायला जागा आहे. सोड्यातून पान कार्बन डायऑक्साइड घेतं. हवेत तो अगदी थोडा, 0.04 टक्क्यांच्या आसपास. पण हवा अफाट आहे. तो पर्णरंध्रांतून आत जातो. हरितद्रव्य प्रकाश शोषतं, त्या ऊर्जेने पाणी फुटतं, ऑक्सिजन मोकळा होतो आणि पेशींमधल्या फटीत साठून चकतीला वर उचलतो. आणि कार्बन? तो परत बाहेर जात नाही. तो साखर होऊन मागे राहतो. कोरड्या लाकडात वजनाने सुमारे निम्मा कार्बन असतो, आणि तो सगळा हवेतून आलेला. समीकरण इथे लिहायचं:

6CO₂ + 6H₂O → C₆H₁₂O₆ + 6O₂

बाई या समीकरणापाशी थांबायच्या. मोठ्या वर्गातली मुलं विचारतात की ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइडमधला की पाण्यातला? समीकरणावरून ते कळतच नाही. 1941 मध्ये रूबेन, केमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जड ऑक्सिजन घातलेलं पाणी शेवाळाला देऊन दाखवलं की बाहेर पडणारा ऑक्सिजन पाण्यातला असतो. सातवीला एवढं पुरे की कार्बन हवेतला, ऑक्सिजन पाण्यातला.

याच तासिकेत मी व्हॅन हेल्मोंटची गोष्ट सांगते. ती बाईंकडूनच माझ्याकडे आली. ब्रसेल्सजवळच्या या गृहस्थाने भट्टीत वाळवलेली 200 पौंड माती, म्हणजे सुमारे 90 किलो, एका कुंडीत भरली आणि त्यात पाच पौंडांचं वाळुंजाचं रोप लावलं. पाच वर्षं नुसतं पाणी घातलं. झाड 169 पौंडांचं झालं, सुमारे 77 किलो. माती पुन्हा वाळवून तोलली तर फक्त दोन औंस कमी, पन्नास-साठ ग्रॅम. त्याच्या मृत्यूनंतर 1648 मध्ये हे छापून आलं. त्याने निष्कर्ष काढला: झाड पाण्याचं बनतं. आपले पाणीवाले विद्यार्थी त्याच्याच रांगेत उभे आहेत, हे ऐकून त्यांची मान वर होते. आणि नवल असं की 'गॅस' हा शब्द जगाला दिला तो याच माणसाने, कोळसा जळताना सुटणारा वायूही त्याने ओळखला होता. तोच वायू आपल्या वाळुंजात शिरला आहे हे मात्र त्याला दिसलं नाही. मुलांना मी विचारते, त्याच्याकडे तुमचे तीन ग्लास असते तर?

चौथ्या ईला बाई 'खरी परीक्षा शिक्षकाची' म्हणायच्या. इथे नवा विषय सुरू करायचा नसतो, तीच समज वेगळ्या जागी चालवून बघायची असते. आमच्याकडे ती आयतीच हातात होती. उजेडात तरंगलेल्या चकत्यांचा ग्लास काळ्या कागदात गुंडाळून ठेवायचा. बराच वेळ लागतो, पण थोड्या थोड्या चकत्या पुन्हा तळाशी जातात. का? पानानेच साठवलेला ऑक्सिजन श्वसनात वापरला. म्हणजे पान श्वास घेतं. मग दिवसा? दिवसाही घेतंच, फक्त उजेडात तयार होणारा ऑक्सिजन खर्चापेक्षा जास्त असतो म्हणून चकती वर येते. आपण जे मोजतो ती निव्वळ शिल्लक असते. 'झाडं दिवसा प्रकाशसंश्लेषण करतात आणि रात्री श्वसन' हे वाक्य मुलांनीच काय, शिक्षकांनीही इतक्यांदा ऐकलेलं असतं की ते नुसतं खोडून निघत नाही; बुडणाऱ्या चकत्या बघितल्यावर निघतं.

आणि मग बाईंनी सगळ्यात आधी लिहिलेला प्रश्न येतो. पाचवा ई. 'गुऱ्हाळाच्या चुलवाणात दिवसभर चिपाडं जाळतात. संध्याकाळी राख काढतात ती घमेलंभर. एवढी चिपाडं गेली कुठे? आणि राखेत काय उरलं?'

हा प्रश्न मला आजही सुंदर वाटतो. तो उसाचाच आहे पण उलट्या दिशेने. हवेतून आलेला कार्बन धुराड्यातून हवेत परत जातो, आणि मातीतून आलेलं जे थोडंसं असतं, पोटॅश, सिलिका, चुना, ते राखेत उरतं. व्हॅन हेल्मोंटचे ते दोन औंस इथे घमेल्यात सापडतात. मातीतून झाड काहीतरी घेतं ही मुलांची समजूत पूर्ण चुकीची नव्हती. तिचं माप चुकीचं होतं. राख बघितली की ते मापही कळतं. म्हणून खत लागतंच, आणि तरीही वजन खताचं नसतं.

उत्तर लिहून झालं की पाकिटातली पहिल्या दिवशीची चिठ्ठी परत द्यायची आणि दोन्ही शेजारी चिकटवायच्या. बाईंनी मला गुण देण्याची एक रीत सांगितली: उत्तर किती बरोबर हे बघू नको, पहिल्या चिठ्ठीपासून पोर किती चाललं ते बघ. पहिल्या दिवशी 'हवेतून' लिहिणाऱ्या मुलीने पाचव्या ईत जर 'राख म्हणजे जळालेलं लाकूड' लिहिलं, तर तिला शब्द माहीत होता, गोष्ट कळली नव्हती. आणि 'खत' लिहिणाऱ्याने जर 'चिपाडं धुरातनं गेली, ती मुळात हवंतनंच आलीवती' असं लिहिलं, तर त्याच्या वाक्यात एकही पुस्तकी शब्द नसला तरी त्याला पूर्ण गुण. बाई अशी उत्तरं शिक्षक खोलीत मोठ्याने वाचून दाखवायच्या.

असाच एकदा हा पाठ संपत आला होता. मागच्या बाकावरची एक मुलगी, एरवी हात वर न करणारी, उभी राहिली आणि म्हणाली, ''बाई, पण ती चकती उचलणारी हवा ऑक्सिजनच कशावरनं?''

तिचं म्हणणं तंतोतंत बरोबर होतं. चकत्यांच्या प्रयोगातून एवढंच दिसतं की सोडा आणि उजेड असला की पानात कसलातरी वायू जमतो. तो ऑक्सिजन आहे हे आपण पुस्तकातून आणून जोडलेलं असतं. मी धावत बाईंकडे गेले. त्यांना इतका आनंद झाला की हातातल्या वह्या तशाच ठेवून त्या वर्गात आल्या आणि त्या मुलीला म्हणाल्या, ''तुझ्यासाठी आम्ही एक तासिका वाढवतो.''

मामांनी ओढ्यातून हायड्रिला आणलं. मोठ्या काचपात्रात सोडा घातलेलं पाणी, त्यात हायड्रिलावर उपडं नरसाळं आणि नरसाळ्याच्या नळीवर पाण्याने काठोकाठ भरलेली उपडी परीक्षानळी. उजेडात देठांच्या टोकांतून बुडबुड्यांची माळ सुटते आणि नळीत वायू साठत जातो. परीक्षा करण्याएवढा साठायला एका दिवसाचं ऊन पुरत नाही, पावसाळ्यात तर फारच धीर धरावा लागतो. आणि पाण्यातल्या हवेतला नायट्रोजनही त्यात मिसळतो, म्हणून धुमसती काडी नेहमीच भडकून पेटत नाही; कित्येकदा नुसती जास्त लाल होते. बाईंनी मुलांना हेही आधी सांगून ठेवलं, म्हणजे ज्योत दिसली नाही तर प्रयोग फसला असं कुणी म्हणायचं नाही, आणि शेजारी साध्या हवेच्या नळीत तशीच काडी धरून दोन्हींतला फरक बघायचा.

काडी धरायचा मान त्या मुलीला मिळाला. त्या वर्षीपासून माझ्या टाचणात इलॅबोरेटच्या पुढे हायड्रिलाची तासिका आहे, आणि तिच्या आधीच्या तासिकेला मी पाच मिनिटं मोकळी ठेवते, ऑक्सिजन कशावरून असं कुणी विचारतं का ते बघायला. कुणी विचारलं नाही तर मी स्वतः विचारत नाही. नळी आणि नरसाळं मात्र मामांनी शिकवल्याप्रमाणे आधीच धुऊन टेबलावर ठेवलेलं असतं, सगळ्यांना दिसेल असं.